सातबाऱ्यावर क्षेत्र कमी, वडिलांचं नाव चुकीचं: अर्ज करायच्या आधी चूक कोणत्या कागदात शिरली ते शोधा

प्रश्न: "ऑनलाइन सातबारा काढला तर वडिलांच्या नावापुढं क्षेत्र 0.79 दाखवतंय, घरातल्या जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर 0.97 आहे. चुलत्यांचं 0.97 बरोबर आहे. वडिलांचं नाव पण दत्तात्रय ऐवजी दत्तू पडलंय. तलाठी म्हणतात मोजणी करून आणा, तहसीलला गेलो तर एकजण म्हणाला कोर्टात जा. गावठाणातल्या घराच्या प्रॉपर्टी कार्डवर पण जागा कमी लागलीय. नक्की कुठं आणि काय अर्ज करायचा?"

आधी मोजणीचं बोलतो, कारण तिथं तुमचे पैसे आणि पाच-सहा महिने उगाच जातील. मोजणी म्हणजे रेकॉर्डवर जी हद्द आहे ती जागेवर दाखवणं. भूमापक येतो, टिपण आणि गटाचा नकाशा घेऊन खुणा लावतो, नंतर तुम्हाला 'क' प्रत मिळते. त्यानं सातबाऱ्यावरचा आकडा बदलत नाही. तुमच्या केसमध्ये जागेवरच्या हद्दीचा वादच दिसत नाही, वाद कागदावरच्या आकड्याचा आहे, मग मोजणी कशाला. आणि कोर्टाचं म्हणाल तर तिथं मालकी कोणाची हे ठरतं, तुमच्या मालकीला अजून कोणी हरकत घेतलेलीच नाही. म्हणजे दोन्ही सल्ले या टप्प्याला लागू होत नाहीत.

मी महसूल खात्यात तलाठी आणि पुढं मंडळ अधिकारी म्हणून सव्वीस वर्षं काढली. सातबारा दुरुस्तीचे अर्ज फेटाळले जाताना मी खूप पाहिलेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अर्जांत माणूस खरा होता, फक्त अर्ज चुकीच्या ऑफिसला किंवा चुकीच्या कलमाखाली दिलेला होता. कारण सगळे एकच लिहितात, 'माझ्या सातबाऱ्यावर क्षेत्र चुकलंय, दुरुस्त करून मिळावे'. पण ते चुकलं कुठं, कोणत्या कागदापर्यंत बरोबर होतं आणि कोणत्या कागदापासून चुकीचं झालं, हे अर्जात नसतं. आणि कोणाला दुरुस्तीचा अधिकार आहे हे नेमकं त्याच्यावरच ठरतं.

सातबारा हा साखळीतला शेवटचा कागद आहे हे लक्षात घ्या. त्याच्या मागं फेरफार असतो (गाव नमुना 6), पूर्वी सातबारा साधारण दर दहा वर्षांनी नव्यानं लिहून काढायचे ते पुनर्लेखन असतं, त्याच्या मागं एकत्रीकरण योजनेचं पत्रक असतं, आणि सगळ्यात मुळाशी भूमी अभिलेखकडचा आकारबंद. आकारबंद म्हणजे गावातल्या प्रत्येक गटाचं मूळ क्षेत्र आणि आकार, म्हणजे त्यावरचा सारा. चूक या साखळीच्या कुठल्याही कडीत शिरू शकते आणि तिच्या खालच्या सगळ्या कड्या मग आपोआप चुकीच्या होतात.

आता तुमचे आकडे घेऊन बघू. 0.97 म्हणजे 97 आर, हेक्टरच्या पुढं टिंब आहे. चुलत्यांचे पण 97 आर. दोघांची बेरीज 1 हेक्टर 94 आर. आता ऑनलाइन सातबाऱ्यावर डाव्या बाजूला गटाचं एकूण क्षेत्र लिहिलेलं असतं तिथं काय आहे ते बघा, लागवडीयोग्य आणि पोटखराब मिळून. तिथं 1.94 असेल आणि खातेदारांची बेरीज 0.79 अधिक 0.97 म्हणजे 1.76 येत असेल, तर 18 आर हवेतच आहेत, कोणाच्याच नावावर नाहीत. याचा अर्थ संगणकात टाइप करताना 97 चे 79 झालेत. अजून एक खूण सांगतो, अंक उलटापालट झाले की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. 97 मधून 79 गेले 18. 1.52 चे 1.25 झाले तर फरक 27. फरक 9 च्या पटीत आला म्हणजे टायपिंगचीच चूक असं सिद्ध होत नाही, पण फरक 9 च्या पटीत नसेल तर अंक उलटले नाहीत, कारण दुसरं काहीतरी आहे, हे नक्की समजा.

अजून एक तपासणी. घरात त्याहून जुना उतारा असेल, एकर गुंठ्यातला, तर तो काढा. 40 गुंठे म्हणजे एकर, आणि एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, म्हणजे एक आर आणि वर थोडंसं. 2 एकर 16 गुंठे म्हणजे 96 गुंठे, ते होतात 97.12 आर. जुन्या उताऱ्यावर 2 एकर 16 गुंठे दिसले तर 97 हा आकडा दोन वेगवेगळ्या पद्धतीच्या कागदांनी पक्का झाला, मग तुमची केस खूप मजबूत. उलट जुन्यावर 1 एकर 38 गुंठे दिसले तर ते 78 गुंठे, म्हणजे साधारण 79 आर, आणि मग कदाचित 79 च बरोबर आणि तुमचा हस्तलिखित उताराच चुकीचा लिहिलेला. हे आधी घरी बसून तपासा, सुनावणीत कळण्यापेक्षा.

आता गटाचं एकूणच 1.76 दाखवत असेल तर? म्हणजे वरचा एकूण आकडा पण बदललाय. तेव्हा उपअधीक्षक भूमी अभिलेखच्या ऑफिसमधून त्या गटाच्या आकारबंदाची नक्कल काढा. आकारबंदावर 1.94 असेल तर चूक फक्त सातबाऱ्यात आहे, काम तहसीलदारांकडं. आकारबंदावरच 1.76 असेल तर तहसीलदारांना त्या आकड्याला हातच लावता येत नाही, तिथं अर्ज दिलात तर तो फेटाळला जाणार हे आत्ताच सांगतो. मूळ मोजणीची किंवा गणिताची चूक असेल तर भूमी अभिलेखमार्फत कमी-जास्त पत्रक (क.जा.प. म्हणतात ते) होऊन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 106 खाली ती दुरुस्ती होते. आणि चूक गट पाडतानाची, एकत्रीकरण योजनेतली असेल तर 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली भूमी अभिलेख उपसंचालकांकडं जावं लागतं. तो रस्ता लांबचा आहे, आणि योजना होऊन तीस-चाळीस वर्षं झाली असतील तर 'इतकी वर्षं का आला नाहीत' हा प्रश्न पहिला येतो, वाजवी मुदतीबद्दल हायकोर्टाचे निकाल कडक आहेत. म्हणून आकारबंद बघितल्याशिवाय कुठंच अर्ज करू नका.

धरून चालू की आकारबंद 1.94 आहे आणि हस्तलिखित सातबारा 0.97 आहे. ही झाली हस्तलिखित आणि संगणकीकृत यातली तफावत. राज्यभर सातबारे संगणकावर चढवले तेव्हा अशा हजारो चुका राहिल्या, चावडी वाचन झालं तेव्हा उतारे वाचून दाखवले पण बरेच खातेदार पुण्या-मुंबईला, त्यांना कळलंच नाही. याला कलम 155 आहे. त्यात तहसीलदार तीन प्रकारच्या चुका दुरुस्त करू शकतात, एक लेखनातली चूक, दुसरी, जी चूक झाली हे संबंधित सगळे मान्य करतात ती, आणि तिसरी, तपासणीत महसूल अधिकाऱ्याच्या लक्षात आलेली, ती मात्र संबंधितांना नोटीस देऊनच. एवढंच. 155 खाली हक्क ठरवता येत नाही, नवीन नाव घालता येत नाही, कोणाचं काढता येत नाही. या कलमाचा मध्यंतरी बराच गैरवापर झाला, दुरुस्तीच्या नावाखाली नावं फिरवली गेली, त्यामुळं आता तहसीलदार 155 च्या फायलीवर सही करताना दहादा बघतात आणि ते योग्यच आहे. तुमच्या फायलीत शंका घ्यायला जागा राहू नये असे कागद लावा.

कागद कोणते? तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल, घरातली झेरॉक्स नाही. हस्तलिखित बंद होण्याच्या आधीचा शेवटचा उतारा आणि त्याच्या आधीच्या पुनर्लेखनाचा, असे किमान दोन घ्या, म्हणजे दोन्हीत 0.97 दिसेल. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावाखाली जे फेरफार क्रमांक लिहिलेले असतात, वर्तुळात, ते सगळे फेरफार. हा भाग लोक टाळतात आणि तिथंच अडकतात. मधल्या काळात 18 आर विकल्याचा, रस्त्याला किंवा कॅनॉलला गेल्याचा एखादा फेरफार असेल तर 79 हा आकडा चूक नाहीच, तो बरोबर आहे. म्हणून 'मधल्या काळात क्षेत्र कमी करणारा एकही फेरफार नाही' हे तुम्ही दाखवायला पाहिजे. मग आकारबंदाची नक्कल, चालू डिजिटल सहीचा सातबारा (digitalsatbara.mahabhumi.gov.in वर पंधरा रुपयांत मिळतो) आणि 8अ.

अर्ज ऑनलाइन ई-हक्क वर पण करता येतो, pdeigr.maharashtra.gov.in, तिथं संगणकीकृत सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करण्यासाठी वेगळा पर्याय आहे, तो अर्ज तलाठ्यांकडं जातो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच). माझं म्हणणं, ऑनलाइन करा पण तहसीलदारांच्या नावानं कागदी अर्ज पण आवक-जावकला देऊन पोच घ्या, पुढं विचारायला हातात तारीख राहते. अर्जात विषय 'कलम 155 अन्वये लेखन प्रमाद दुरुस्ती' असा लिहा आणि मजकूर तीन-चार वाक्यांचा ठेवा. साधारण असा: 'गट नंबर अमुक मध्ये वडिलांचे क्षेत्र हस्तलिखित सातबाऱ्यावर 0.97 हेक्टर होते. संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 0.79 झाले आहे. गटाचे एकूण क्षेत्र आकारबंदाप्रमाणे 1.94 असून खातेदारांची बेरीज 1.76 येते. मधल्या काळात क्षेत्र कमी करणारा कोणताही फेरफार नाही.' एवढं पुरे. भाऊबंदकीचा इतिहास, कोणी काय अन्याय केला, ते काही लिहू नका, ते वाचून तहसीलदारांना वाटतं हा वादाचा विषय आहे आणि मग ते खरोखरच म्हणतात कोर्टात जा.

पुढं काय होतं, तर तहसीलदार तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल मागवतात, संबंधितांना नोटीस निघते, सुनावणी होते, आदेश होतो. चुलत्यांना नोटीस जाणार, त्यांचा हिस्सा बदलत नसला तरी. त्यांना आधीच भेटून सांगा, आकडे दाखवा. त्यांनी 'हो, चूक आहे, दुरुस्त करायला हरकत नाही' असा जबाब दिला की काम अर्धं झालं.

आणि हेच उलट झालं तर काय होतं ते एका केसवरून सांगतो. माझ्या एका जुन्या सर्कलमध्ये दोन भावांची अशीच जमीन, एकाचे आर असेच कमी पडलेले. पण तिथं गटाची बेरीज बरोबर जुळत होती. मी फाइल बघितली तेव्हा लक्षात आलं की ऑनलाइन सातबारा करताना बेरीज जुळत नाही म्हणून कोणीतरी ते 18-20 आर दुसऱ्या भावाच्या नावावर ढकलून बेरीज जुळवून टाकली होती. झालं ते चूकच, पण आता ते क्षेत्र कोणाच्या तरी नावावर होतं. दुसरा भाऊ वारलेला, त्याची मुलं म्हणाली आमच्या वडिलांच्या नावावर जे आहे ते आमचं. त्यांनी हरकत घेतली आणि तहसीलदारांनी 155 खालचा अर्ज निकाली काढला, वाद आहे म्हणून. पहिल्या भावाला मग प्रांतांकडं अपील करावं लागलं, उशीर माफ करा असा वेगळा अर्ज द्यावा लागला, तीन वर्षं गेली. ती मुलं वाईट नव्हती, त्यांना कोणी आकडे समजावूनच सांगितले नव्हते, त्यांनी फक्त उतारा बघितला. म्हणून म्हणतो, गटाची बेरीज जुळतेय का हे पहिल्यांदा बघा. बेरीज जुळत नसेल तर तुमची चूक सोपी. बेरीज जुळत असेल तर कमी झालेले आर कोणाकडं तरी गेलेत, आणि त्या माणसाच्या घरी जाऊन बोलणं हे अर्जाच्या आधीचं काम.

आदेश विरोधात गेला तर प्रांतांकडं अपिलाला 60 दिवस असतात. आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा, दिवस लक्षात ठेवा. आदेश बाजूनं लागला तरी काम संपत नाही. आदेश झाला म्हणजे सातबारा बदलला असं होत नाही, त्या आदेशावरून तलाठ्यांनी फेरफार घ्यायचा आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो मंजूर करायचा, तेव्हा उतारा बदलतो. आदेश घेऊन लोक घरी जातात, फ्रेमसारखा जपून ठेवतात आणि दोन वर्षांनी कर्जाला गेल्यावर कळतं की सातबारा तसाच आहे. आदेशाची नक्कल तलाठ्यांना देऊन पोच घ्या, फेरफार नंबर विचारा, मंजूर झाल्यावर सातबारा आणि 8अ दोन्ही नव्यानं काढून बघा. कधी कधी सातबारा बदलतो आणि 8अ वर जुनाच आकडा राहतो.

आता नाव. इथं पण तेच, चूक कुठं शिरली. हस्तलिखित सातबाऱ्यावर आणि फेरफारात 'दत्तात्रय' आणि ऑनलाइनला 'दत्तू' असेल तर क्षेत्राच्याच अर्जात ते घ्या, एकाच आदेशात होईल. पण माझा अनुभव असा की 'दत्तू' हे टायपिंगनं होत नाही, 'दत्तात्रय' चं 'दत्तत्रय' होईल. आजोबा गेल्यावर वारसाची वर्दी ज्यानं दिली त्यानं घरातलं नाव सांगितलं असणार आणि वारस फेरफारातच 'दत्तू' आलं असणार. तो फेरफार काढून बघा. तसं असेल तर ही नकलेतली चूक नाही, पण ती 155 मधल्या दुसऱ्या प्रकारात बसते, सगळे संबंधित मान्य करतात अशी चूक. म्हणजे त्या वारस फेरफारातले सगळे वारस, चुलते, आत्या, ज्यांची नावं तिथं आहेत, त्यांचे जबाब लागतील की दत्तू आणि दत्तात्रय एकच व्यक्ती. सोबत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि प्रतिज्ञापत्र. फक्त आधार लावून चालत नाही, आधार वडिलांचं नाव दत्तात्रय आहे एवढंच सांगतं, सातबाऱ्यावरचा दत्तू म्हणजे तेच हे सांगत नाही, ते आत्या-चुलते सांगणार. आत्यांना विसरू नका. पुष्कळ जण आत्यांचं नाव फेरफारात आहे हे मोजतच नाहीत आणि मग नोटीस तिथं गेली की मनं दुखावतात.

जमीन खरेदीची असती आणि खरेदीखतातच 'दत्तू' लिहिलेलं असतं तर रस्ता वेगळा होता, दुय्यम निबंधकांकडं चूक दुरुस्ती पत्र नोंदवून घ्यायचं, त्यावर विकणाऱ्याची पण सही लागते, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची, आणि त्या दस्तावरून नवीन फेरफार. खरेदीखत चुकीचं असताना तहसीलदार नाव बदलू शकत नाहीत. आणि एक बहीण राहून गेली, किंवा मयताचं नाव अजून आहे, हे नाव चुकणं नव्हे, ती वारस नोंद, तिचा अर्ज वेगळा.

घराच्या प्रॉपर्टी कार्डचं थोडक्यात सांगतो कारण तिथं ऑफिसच वेगळं, तलाठी-तहसीलदारांचा संबंध नाही. मिळकत पत्रिका भूमी अभिलेखची, उपअधीक्षक किंवा शहरात नगर भूमापन अधिकारी. तिथला मुळाशी असलेला कागद म्हणजे चौकशी नोंदवही आणि सिटी सर्वेचा नकाशा. चौकशी नोंदवहीचा उतारा आणि नकाशाची नक्कल मागा. नोंदवहीत 125 चौरस मीटर आणि कार्डवर 112 असेल तर नकलेतली चूक, तिथंच अर्ज, दुरुस्त होते. नोंदवहीतच 112 असेल तर चौकशी अधिकाऱ्याचा तो निर्णय आहे, त्याच्यावर भूमी अभिलेखच्या जिल्हा अधीक्षकांकडं अपील, आणि तिथं खरेदीखत, जुनी सनद, ग्रामपंचायतीचा नमुना 8 हे सगळं लागेल. त्याआधी एकक बघा. तुमच्या जुन्या कागदावर 150 लिहिलेलं असेल आणि कार्डवर 125.4, तर काहीच कमी झालेलं नाही, 150 चौरस यार्ड म्हणजेच 125.4 चौरस मीटर. असे अर्ज मी स्वतः वाचलेत, माणूस दोन वर्षं फिरलेला आणि जागा जशीच्या तशी. आणि कार्ड 2020 नंतरच्या स्वामित्व योजनेतलं, ड्रोननं मोजलेलं असेल तर अंगण, पडवी, घरामागचा बोळ कोणाच्या हद्दीत धरला ते नकाशावर बघा, गावठाणात कमी पडलेली जागा बहुतेक वेळा तिथं असते, आणि त्यासाठी मात्र शेजाऱ्यांच्या समोर मोजणी लागू शकते. म्हणजे तुम्हाला मोजणी सांगितली ती शेतासाठी चूक, घरासाठी कदाचित बरोबर.

तेव्हा सोमवारी तहसीलला जाऊन नकलांचा अर्ज द्या, हस्तलिखित सातबारे आणि सगळे फेरफार. त्याच दिवशी भूमी अभिलेखला आकारबंद आणि चौकशी नोंदवहीचा अर्ज द्या. नकला हातात आल्यावर गटाचं एकूण क्षेत्र, आकारबंदाचं क्षेत्र आणि वारस फेरफारात लिहिलेलं नाव, या तीन गोष्टी इथं टाका, मग अर्जाचा मजकूर नेमका काय लिहायचा ते बघून सांगतो.